एकच सकाळ, पाच सन

दिंडोरी परिसराच्या इतिहासातल्या घटना ओळीने लावायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण कागद मिळत नाहीत ही नसते. कागद मिळतात, ताम्रपट मिळतात, लेण्यांतले लेख मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वर्षही असते. पण एकात शके 1592, दुसऱ्यात संवत 1727, तिसऱ्यात हिजरी 1081, चौथ्यात ‘इहिदे सबैन व अलफ’ म्हणजे सुहूर सन 1071, आणि छापील पुस्तकात इ.स. 1670. हे पाच आकडे चढत्या क्रमाने लावले तर सुमारे साडेसहाशे वर्षांचा इतिहास तयार होतो. प्रत्यक्षात हे पाचही सन एकाच सकाळला लागू पडतात. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेने दाऊदखान कुरेशीच्या मोगली सैन्याला वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठून मोडले, ती ही सकाळ.

सनांचे कोष्टक घेतले की हा प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. शकात 78 मिळवा, विक्रम संवतातून 57 वजा करा, सुहूरात 599 मिळवा, झाले. वर्ष ओळखण्यापुरते हे चालतेही. पण क्रम लावायला बसले की याच बेरजा-वजाबाक्या दगा देतात. प्रत्येक सनाचे वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होते, काही सनांचा दिवससुद्धा वेगळ्या वेळी सुरू होतो, आणि दोन घटनांत जेमतेम पंधरा दिवसांचे अंतर असेल तर हे सारे फरक त्या पंधरा दिवसांतच येऊन बसतात. पुढच्या पानांत या परिसरातल्या घटनांची जी मांडणी आहे, तिच्यात शिरण्यापूर्वी ती कशी केली हे दोन-तीन प्रकरणांच्या आधाराने पाहिलेले बरे.

पहिले प्रकरण 1670 च्या ऑक्टोबरचे. सुरतेची दुसरी लूट 3 ऑक्टोबरला सुरू झाली आणि 5 तारखेला महाराज सुरतेतून निघाले. बागलाणमार्गे परतताना चांदवडकडून दाऊदखान आडवा आला, आणि 17 ऑक्टोबरला लढाई झाली. आपल्या पुस्तकांत या तारखा अशा सरळ छापलेल्या असतात. त्या कोणत्या पंचांगातल्या आहेत हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. त्या जुलियन पद्धतीच्या आहेत. सुरतेतले इंग्रज वखारवाले तेव्हा जुन्या, म्हणजे जुलियन, पंचांगाने तारीख घालत. पोप ग्रेगरीने 1582 साली केलेली दुरुस्ती इंग्लंडने 1752 पर्यंत स्वीकारलीच नाही. त्याच सुरतेत डचांचीही वखार होती, आणि ते नव्या पद्धतीने तारीख लिहीत. सतराव्या शतकात या दोन पद्धतींत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे ज्या सोमवारी सुरतेत हलकल्लोळ माजला, तो इंग्रजांच्या हिशेबी 3 ऑक्टोबर आणि डचांच्या हिशेबी 13 ऑक्टोबर.

आता यात चूक कशी शिरते ते पाहा. कुणी लुटीची तारीख डच कागदावरून 13 घेतली आणि लढाईची तारीख मराठी पुस्तकातून 17 घेतली, तर सुरतेत शिरण्यापासून दिंडोरीच्या लढाईपर्यंत अवघे चार दिवस उरतात. लुटीचे तीन दिवस त्यातून काढले की लुटीची ओझी लादलेल्या फौजेला सह्याद्री चढून दिंडोरीपर्यंत यायला दोन दिवसही पुरेसे धरावे लागतात. इतिहासकाराला येथे पंचांगापेक्षा घोड्याचे पाय अधिक उपयोगी पडतात. दोन्ही तारखा जुलियन धरल्या तर 5 ते 17 असे बारा दिवस मिळतात, आणि ते त्या वाटेला पटण्यासारखे आहेत. याहून वाईट गोंधळ तर असा की, जुन्या पद्धतीने 10 ऑक्टोबरला लिहिलेले एखादे इंग्रजी पत्र सुरतेच्या लुटीची बातमी देते आणि यादीत ते डच तारखेच्या लुटीच्या तीन दिवस आधी जाऊन बसते. बातमी आधी आणि घटना नंतर, असे दिसले की समजावे: कुठेतरी दोन पंचांगे एका रकान्यात मिसळली आहेत.

यावर वार हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पहारेकरी आहे. पंचांगे बदलली, तारखा उडाल्या, पण वारांची साखळी कुठेच तुटली नाही. जुलियन 3 ऑक्टोबर 1670 ला सोमवार येतो आणि ग्रेगोरियन 13 ऑक्टोबरलाही सोमवारच. पण संगणकात सरळ 3 ऑक्टोबर 1670 टाकले आणि त्याने ती तारीख ग्रेगोरियन समजून घेतली, तर उत्तर शुक्रवार येते. मूळ कागदात वार असेल तर तो उतरून घ्यावा, ‘अनावश्यक’ म्हणून गाळू नये. जुन्या कागदाची नक्कल करताना सर्वांत आधी वारच गाळला जातो, हा या कामातला जुना त्रास आहे.

दुसरा पहारेकरी चंद्र. आजच्या खगोलगणिताने मागे जाऊन पाहिले तर 3 ऑक्टोबर 1670 (जुलियन) या दिवशी अमावास्या होती, आणि ती 4 तारखेच्या सूर्योदयापूर्वी संपत होती. महिना आश्विन. म्हणजे सुरतेत मराठे शिरले तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा. लढाईच्या 17 तारखेला सूर्योदयाची तिथी कार्तिक शुद्ध चतुर्दशी येते. त्रिपुरी पौर्णिमा अगदी तोंडावर आलेली. दाऊदखानाची फौज रात्रीच कूच करून निघाली होती. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता आणि पहाटे सूर्योदयाच्या तासाभर आधी मावळला. हीच 17 तारीख चुकून ग्रेगोरियन धरली तर चंद्र तीन दिवसांची कोर होतो आणि रात्री आठच्या सुमारास मावळतो. मग ती सारी रात्रीची वाट मिट्ट काळोखात चाललेली ठरते. दहा दिवसांची चूक कागदावर क्षुल्लक दिसते, पण आकाशात ती लपत नाही.

या दिवाळीत आणखी एक गंमत दडली आहे. गुजरातेत विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. उत्तरेत तो चैत्रात बदलतो. त्यामुळे सुरतेच्या व्यापाऱ्याच्या वहीच्या हिशेबाने लुटीचा पहिला दिवस संवत 1726 चा शेवटचा दिवस आहे आणि लुटीचा दुसरा दिवस संवत 1727 चा पहिला. तीन दिवसांची एक घटना दोन संवतांत विभागली गेली. फक्त संवताचा आकडा पाहून कुणी यादी केली तर ‘1726: सुरतेची लूट’ आणि ‘1727: सुरतेची लूट’ अशा दोन नोंदी होतील, आणि वाचक समजेल की मराठे लागोपाठ दोन वर्षे सुरतेवर गेले. उत्तरेतल्या चैत्री संवताने मात्र हे सारे 1727 मध्येच. संवत कार्तिकी की चैत्री, हे लिहिणाऱ्याच्या प्रांतावरून ठरवावे लागते. कागदावर ते लिहिलेले नसते.

लढाईच्या दिवसाचाही असाच घोळ आहे, पण त्याचे कारण वेगळे. काही ठिकाणी 16 ऑक्टोबरची रात्र म्हणतात, काही ठिकाणी 17. इंग्रजी दिवस मध्यरात्री सुरू होतो. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून रात्रीची घटना आदल्या दिवसाच्या खात्यात जाते. हिजरी दिवस सूर्यास्तापासून, म्हणून तीच रात्र पुढच्या दिवसाच्या खात्यात जाते. मध्यरात्री निघालेली फौज आणि पहाटे जुंपलेली लढाई यांना तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या तारखा दिल्या तर त्यातला एकही खोटा ठरत नाही. आणि नावांचाही भरवसा नाही. हीच लढाई ‘वणी-दिंडोरीची’ म्हणून येते आणि ‘कांचनबारीची’ म्हणूनही येते. नाव वेगळे आणि तारीख एकीकडे 17, दुसरीकडे 27 ऑक्टोबर, म्हटल्यावर निष्काळजी संकलकाच्या हाती एका लढाईच्या दोन लढाया लागायला वेळ लागत नाही.

साधनांचा स्वभावही वेगवेगळा. सभासदाची बखर तारखा जवळपास देतच नाही. तिच्यातला क्रम कथनाचा आहे, आणि कथन करणारा माणूस आठवेल तसे किंवा शोभेल तसे सांगतो. दाऊदखानाच्या सैन्याबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेनाने फारसीत ‘तारीख-इ-दिल्कुशा’ लिहिली. अशा फारसी तवारिखांमागे हिजरी सन आणि बादशहाचे जुलूस वर्ष असते. औरंगजेबाचे तेरावे जुलूस वर्ष तेव्हा चालू होते. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे, त्यामुळे त्याला एखादी ठरावीक बेरीज लागूच पडत नाही. त्याचे कोष्टक पाहावे लागते किंवा गणित करावे लागते. 1670 चा आपला कार्तिक त्या वर्षी हिजरी 1081 च्या जमादिलाखरात पडला. मराठी दप्तरांतला सुहूर सन आकड्यांची नावे अरबी वापरतो, पण वर्ष मात्र सौर धरतो आणि मृगाला बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. 1071 त 599 मिळवले की 1670 येतात, पण जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांत 600 मिळवावे लागतात. नेहमीची बेरीज त्या पाच महिन्यांत चुकते, आणि नेमके त्याच पाच महिन्यांत मोहिमा जोरात असतात!

शकाचेही तेच. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. जेधे शकावलीत ती शके 1551, फाल्गुन वद्य 3 अशी आहे. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांनी मिळवली आणि 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनातून ती लोकांपुढे आली. 1551 मध्ये 78 मिळवले की 1629 येतात. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तो जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून 79 मिळवून 1630 धरावे लागते: 19 फेब्रुवारी 1630, तीही जुलियन. ग्रेगोरियनने 1 मार्च. आणि त्या काळच्या इंग्रजाने हीच तारीख लिहिली असती तर त्याने वर्ष 1629 च घातले असते, कारण त्यांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला बदले.

जेधे शकावलीसारख्या नोंदीत शकाच्या आकड्याबरोबर संवत्सराचे नाव असते, आणि ते नाव आकड्यावर नजर ठेवते. शकात 12 मिळवावे, साठने भागावे, बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे संवत्सर. 1592 आणि 12 मिळून 1604, त्यातून 1560 गेले, उरले 44. चव्वेचाळिसावे संवत्सर साधारण. जुळले. कुण्या नकलकाराने 1592 चे 1529 केले असते तर हिशेबाने एकेचाळिसावे प्लवंग यायला हवे होते, आणि कागदावर ‘साधारण’ पाहून चोरी तिथल्या तिथे पकडली गेली असती. अर्थात चूक बरोबर साठ वर्षांची असेल तर हा पहारेकरीही झोपतो.

पण हाच नियम घेऊन कुणी हजार वर्षे मागे गेला तर काय होते, हे सांगायला दिंडोरी परिसरानेच एक उत्तम प्रकरण ठेवले आहे.

वणी-दिंडोरीचा ताम्रपट हा राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा. तो मयूरखंडीहून दिला गेला. सप्तशृंगीसमोरचा मार्कंड्या डोंगर म्हणजेच ती मयूरखंडी, अशी ओळख अभ्यासकांनी सुचवली आहे. त्याच मयूरखंडीहून दिलेला त्याच राजाचा दुसरा ताम्रपट गुजरातेत राधनपूरला सापडला. दोन्हींवर शके 730. पण वणीच्या पटात महिना वैशाख, तिथी पौर्णिमा, आणि संवत्सर व्यय. राधनपूरच्या पटात श्रावणातली अमावास्या, सूर्यग्रहण, आणि संवत्सर सर्वजित. एकाच शकाला दोन संवत्सरे! वैशाख श्रावणाच्या आधी येतो म्हणून वणीचा पट तीन-साडेतीन महिन्यांनी जुना, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मग संवत्सराच्या नावांचे काय करायचे?

वरचा नियम लावून पाहा. 730 आणि 12 मिळून 742, त्यातून 720 गेले, उरले 22, म्हणजे सर्वधारी. व्यय विसावे, सर्वजित एकविसावे. नियमाने दोन्हीपैकी एकही बरोबर येत नाही, आणि दोन राजशासने एकदम चुकीची असतील असे मानणे धाडसाचे. चूक नियमात आहे. संवत्सर ही मुळात गुरूच्या गतीवर बांधलेली मोजणी. मध्यम गतीचा गुरू एक राशी ओलांडतो तो काळ सुमारे 361 दिवसांचा, सौर वर्षापेक्षा चार दिवसांनी कमी. हे चार दिवस साठत साठत 85-86 वर्षांत एक संवत्सर जास्त होते, म्हणून जुने ज्योतिषी तेवढ्या काळात एक संवत्सर गाळत. त्याला क्षय संवत्सर म्हणत. दक्षिणेत दहाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाळणी बंद झाली, आणि तेव्हापासून संवत्सरे शकाच्या मागे बिनचूक रांगेत चालू लागली. गोविंदाचे ताम्रपट त्याच्या शंभर वर्षे आधीचे. तिथे जुनेच गणित लावले पाहिजे.

ते गणितही फारसे अवघड नाही. शकाला 22 ने गुणावे, 4291 मिळवावे, 1875 ने भागावे. पूर्ण भागाकार शकात मिळवून साठने भागले की उलटून गेलेल्या संवत्सरांची संख्या मिळते. 730 गुणिले 22 म्हणजे 16060, अधिक 4291 म्हणजे 20351, भागिले 1875, पूर्ण भागाकार 10. 730 आणि 10 मिळून 740. साठने भागून उरले 20. वीस संवत्सरे उलटली, एकविसावे सर्वजित चालू. राधनपूरचा पट जुळला. आता 729 घेऊन तेच करा: 20329 भागिले 1875, पुन्हा 10, 739, उरले 19, एकोणीस उलटली, विसावे व्यय चालू. म्हणजे वणीच्या पटातले व्यय संवत्सर शके 729 चे आहे, आणि पटावर मात्र 730 कोरले आहे.

याचा उलगडा आपल्या घरातल्या बोलण्यातच आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे वय कुणी ‘सहा’ सांगते, आणि आजी म्हणते, ‘सातवे लागले त्याला.’ दोघेही बरोबर. शकाचा आकडा बहुधा उलटलेल्या वर्षांचा, म्हणजे गत असतो. आजचे पंचांगही तसेच मोजते. पण कधी कधी लेखक चालू वर्षाचा, वर्तमान शकाचा आकडा देतो. वणीचा पट आजीच्या पद्धतीने बोलतो: 729 पूर्ण, 730 वे चालू. म्हणून त्याची वैशाखी पौर्णिमा इ.स. 807 च्या उन्हाळ्यातली. राधनपूरचा पट पूर्ण वर्षांनी बोलतो, आणि त्याची अमावास्या 27 जुलै 808. त्या दिवशी सूर्यग्रहण झाले होते, हे गणिताने स्वतंत्रपणे ताडता येते. ग्रहणाने आणखी एक गोष्ट नकळत सांगून टाकली. उत्तरेच्या पौर्णिमान्त पद्धतीने श्रावणातली अमावास्या महिनाभर आधी आली असती, आणि तेव्हा ग्रहण नव्हते. म्हणजे मयूरखंडीचा लेखक आपल्यासारखेच अमान्त महिने मोजत होता. दोन पटांतले अंतर साडेतीन महिन्यांचे नसून सव्वा वर्षाचे. एकाच शकातले दोन लेख, पण त्यांच्या मध्ये एक अख्खा पावसाळा येऊन गेला.

वणीच्या पटावर संवत्सराचे नाव नसते तर? मग ‘शके 730’ या दोन शब्दांचा अर्थ मार्च 807 पासून मार्च 809 पर्यंत कोणताही दिवस, एवढाच राहिला असता. पुढच्या मांडणीत प्रत्येक नोंदीला असे दोन टोकांचे माप दिले आहे: लवकरात लवकर कधी, उशिरात उशिरा कधी. मूळ शब्द जसेच्या तसे शेजारी ठेवले आहेत, म्हणजे आकडा पुढे कुणी सुधारायचा म्हटले तर मागचा रस्ता बुजलेला नसेल. दोन घटनांची मापे एकमेकांवर चढत नसतील तरच केवळ तारखांवरून त्यांचा क्रम लावला आहे. चढत असतील तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

‘शतक’ हे तर मापच. पण लोक त्याला तारीख समजतात. दुसरे शतक म्हणजे 101 ते 200. यादीत चढवताना कुणी त्याला 101 लिहितो, कुणी मधले 150, कुणी चुकून 200 ते 299. ‘दुसरे शतक’ असे लिहिलेले लेणे 101 मुळे इ.स. 124 च्या लेखाआधी जाऊन बसते, आणि त्याला आधार कसलाच नसतो, फक्त रकाना भरायचा होता. इ.स.पूर्वीच्या शतकांत आकडे उलटे धावतात, आणि इ.स.पू. 1 नंतर एकदम इ.स. 1 येते, मध्ये शून्य नाही. म्हणून इ.स.पू. 10 ते इ.स. 10 हे अंतर वीस वर्षांचे नसून एकोणीस वर्षांचे. संगणकाला शून्य वर्ष चालते, इतिहासाला नाही. तिथे एक वर्ष चोरपावलांनी निघून जाते.

पण तारीख धूसर असली तरी क्रम धूसर असतोच असे नाही, आणि याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण दिंडोरीहून नाशिक ओलांडले की पांडवलेण्यांत मिळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या तिथल्या लेखांत 41, 42 आणि 45 ही वर्षे आहेत. जुन्नरला नहपानाच्या अमात्याच्या लेखात 46 आहे. पण कशाची 46? शकाची धरली तर इ.स. 124-125. नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांची धरली तर त्याचा काळ अर्ध्या शतकाने मागेही सरकू शकतो. या वादात पिढ्या गेल्या. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत त्याचे अठरावे आणि चोविसावे राज्यवर्ष आहे, आणि तो कधी गादीवर बसला हे पुन्हा नहपानावरच अवलंबून. दोन्ही घड्याळे एकमेकांना बांधलेली, आणि दोन्हींना काटे नाहीत.

तरीही कोण आधी आणि कोण नंतर, यात शंका उरत नाही. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या लेखात दान दिलेले शेत यापूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात होते, असे सांगितले आहे. आणि 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला: तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी मुळात नहपानाची. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला, नहपानाच्या चेहऱ्यावरच. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. इथे सन नाही, संवत्सर नाही, महिना नाही, आणि तरी या दोन राजांचा क्रम वणी आणि राधनपूरच्या ताम्रपटांइतकाच पक्का.

म्हणून मांडणीत या दोघांच्या रकान्यात शतकांचे सैल माप आहे, आणि त्यांच्यामध्ये ‘आधी’चा बाण मात्र ठळक आहे. उद्या नहपान पन्नास वर्षे मागे सरकला तर गौतमीपुत्र त्याच्याबरोबर सरकेल; बाण हलणार नाही. दिंडोरीच्या लढाईच्या रकान्यात उलट प्रकार आहे. तिथे दिवस पक्का आहे, आणि त्याखाली ‘17 ऑक्टोबर 1670 जुलियन, कार्तिक शुद्ध 14, सोमवार’ असे तिन्ही लिहिले आहे. ‘16 ची रात्र’ हा पाठही खोडलेला नाही. वणीच्या पटाच्या रकान्यात 807, आणि कंसात मूळ शके 730 व्यय. जो कोणी यापुढे तो रकाना चाळील, त्याने 730 पाहून 808 करण्याआधी शेजारचे ‘व्यय’ वाचावे म्हणून ते मुद्दाम जाड ठशात छापले आहे.